केली जाईल

संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या अर्जात ‘मेथड्स’ नावाचा, अभ्यास कसा करणार ते सांगणारा एक भाग असतो. दिसायला दीड पानाचा. रविवारी दुपारी जेवण आणि झोप यांच्या मधल्या वेळात तो उरकून टाकायचा, असं मी ठरवलं होतं. पुढचे सात आठवडे तोच मला उरकत होता.

विषय अगदी साधा. मेडिसिन वॉर्डात दाखल झालेल्या पेशंटच्या हाताला सलाईनसाठी कॅन्युला लावतात. दोन-तीन दिवसांत काहींच्या शिरेला ती सोसत नाही. दुखतं, लाल होतं, सुजतं. याला फ्लेबायटिस म्हणतात. आपल्या वॉर्डात तो किती जणांना होतो, एवढंच मोजायचं. नवं औषध नाही, रक्ताचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. नुसतं बघायचं आणि लिहायचं. गाइड सर म्हणाले, “यात काय अडणार आहे?” सर राउंडला निघाले आणि मी एका सिनियरची जुनी फाइल उघडून तिच्यात विषय बदलायला घेतला.

तासाभरात लेखन तयार. पात्र रुग्णांची रँडम निवड केली जाईल. संमती घेतली जाईल. कॅन्युलाच्या जागेची दर आठ तासांनी तपासणी केली जाईल. गुण नोंदवले जातील. इंग्रजीत हे सगळं आणखीच भारदस्त दिसत होतं. आमच्या घरच्या एका लग्नात ‘पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं जाईल’ असं ठरलं होतं, ते पाहुणे दोन तास स्टेशनवर बसले होते. तेव्हाच मी शहाणी व्हायला हवी होते.

आधी पेशंट किती घ्यायचे ते ठरवायचं होतं. त्यासाठी पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या मॅडमकडे गेले. सूत्र परीक्षेसाठी पाठच होतं: n = 4pq/L². p म्हणजे किती टक्के लोकांना फ्लेबायटिस होईल असा अंदाज. वाचलेल्या पेपरांत हा आकडा कुठे कमी, कुठे जास्त. सरांनी ३० धरायला सांगितलं होतं. मग q झाला ७०. L म्हणजे किती चूक चालेल. मी ऐटीत म्हटलं, “दहा टक्के.”

“कशाचे दहा टक्के?” मॅडम म्हणाल्या.

टक्के कशाचे तरी असतात, हे मी चौथीनंतर विसरले होते. उत्तर ३० च्या आजूबाजूला दहा, म्हणजे २० ते ४० मध्ये आलेलं चालणार असेल, तर L दहा. ८४०० भागिले १००, पेशंट ८४. पण ३० चे दहा टक्के म्हणायचं असेल, तर L तीन. ८४०० भागिले ९, पेशंट ९३४. एका शब्दाच्या फरकानं माझा एमडीचा काळ संपून नातवंडांचा सुरू होत होता. मी घाईघाईनं पहिला अर्थ पत्करला. मॅडम म्हणाल्या, “चालेल. पण मग ‘आमच्या वॉर्डात नेमकं प्रमाण अमुक’ असं मिरवायचं नाही. वीस ते चाळीस, एवढंच तुला सांगता येणार.” काहीजण लवकर घरी जातील म्हणून दहा जण जास्त धरून आकडा ९४ झाला.

अर्ज पंधरा दिवसांनी परत आला. समासात जागोजागी पेन्सिलीनं एकच प्रश्न होता: कोण? रात्री दोनची तपासणी कोण करणार? मी ड्यूटीचा तक्ता समोर घेऊन बसले. दर आठ तासांनी, आठवड्याचे सातही दिवस ही तपासणी करू शकेल असं वॉर्डात कायम हजर असणारं माणूस म्हणजे दारातली मांजर. शेवटी सकाळी आठ आणि रात्री आठ, मी किंवा ठरलेली एक सिस्टर, असं लिहिलं. त्यामुळे फ्लेबायटिस कधी सुरू झाला ते बारा तासांच्या फरकानंच कळणार, हेही लिहावं लागलं. ‘रँडम’ शब्दही गेला. रँडम निवडायला आधी यादी हवी. इथे उद्या कोण दाखल होणार ते कुणालाच ठाऊक नसतं. मला जे करायचं होतं ते ‘जो येईल तो, ओळीनं ९४’ असं होतं. त्याला कन्सेक्युटिव्ह म्हणतात. मला वाटेल तो असं केलं, तर शांत, झोपाळू आणि नातेवाईक नसलेले पेशंटच माझ्या हाती लागतील, हे सिनियर सिस्टरनं न विचारता सांगितलं.

गुणांची भानगड वेगळीच. व्हीआयपी स्कोअर नावाची पट्टी आहे, शून्य ते पाच. थोडं दुखणं किंवा थोडी लाली असेल तर एक. दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन गोष्टी असतील तर दोन. वाचायला सोपं. कमिटीनं विचारलं, दोघी तपासणार, तर दोघींचं एकमत होतं कशावरून? मी आणि सिस्टर रोजच्या राउंडला एका आजींच्या हातापाशी उभ्या राहिलो. सावळा हात, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण, त्यात कुठेतरी कॅन्युला. लाली शोधायची कुठे? सिस्टर म्हणाली एक, मी म्हटलं दोन. आजी म्हणाल्या, “तुमचं ठरू द्या, मग सांगा मला दुखतंय का.” मग अर्जात भर पडली: उजेड चांगला हवा, दुसऱ्या हाताशी ताडून बघायचं, बोटांच्या मागच्या बाजूनं ऊब बघायची आणि पहिल्या १५ पेशंटना दोघींनी एकमेकींना न सांगता गुण द्यायचे. गोंदण हा शब्द मी अर्जात घातला, सरांनी काढला, कमिटीनं परत घालायला लावला.

एवढं होऊनही मला बैठकीला बोलावलं. लांब टेबल, बिस्किटं, डॉक्टर, वकील आणि एक निवृत्त बाई, कमिटीतल्या सामान्य नागरिक. डॉक्टर मंडळींचे प्रश्न मी परतवले. मग बाईंनी चष्मा वर केला. “दोन गुण पडले, म्हणजे हात सुजायला लागला. मग तुम्ही त्या सुईचं काय करणार?”

“नोंद केली जाईल.”

“आणि सुई?”

सुईबद्दल मी कुठेच काही लिहिलं नव्हतं. एरवी वॉर्डात मी ती कॅन्युला बिनदिक्कत काढली असती. कागदावर मात्र मी वहीत ‘दोन’ लिहून, उद्या तीन होतात का ते बघायला परत येणारी बाई झाले होते. ‘नुसतं बघायचं’ हे इतकं साधं नव्हतं.

मग वाक्य आलं: दोन किंवा अधिक गुण दिसताच तपासणारी व्यक्ती ताबडतोब ड्यूटी डॉक्टरला कळवेल आणि कॅन्युला काढली जाईल. यानं सगळा अभ्यासच हलला. दोनला कॅन्युला निघणार, म्हणजे चार आणि पाच मला सहसा दिसणारच नाहीत. ‘तीव्रतेचा आलेख’ नावाचं माझं लाडकं प्रकरण तिथेच संपलं. उरलं ते एवढंच: किती जणांना दोन गुण पडले, आणि कितव्या तपासणीत.

मंजुरी आली. पहिला पेशंट, एक आजोबा. संमतीपत्र वाचून दाखवलं, साक्षीदारासमोर अंगठा घेतला, गुण शून्य. रात्री आठला गेले, तर कॅन्युला नाही. फाइलमध्ये एवढंच: ‘कॅन्युला काढली गेली.’

कुणी? सिस्टर म्हणाली, मी नाही. मावशी म्हणाल्या, मी कशाला हात लावीन? आजोबा शांतपणे म्हणाले, “मीच काढली. संडासात जाताना सारखी अडकत होती.”

पेशंटनं स्वतः कॅन्युला काढली तर त्याला कुठे मोजायचं, हे दीड पानाच्या आता साडेचार झालेल्या मेथड्समध्ये कुठेच नव्हतं. अमेंडमेंटचा फॉर्म कुठे मिळतो, ते विचारायला मी ऑफिसात गेले. तिथल्या पाटीवर लिहिलं होतं: ‘फॉर्म दिले जातील.’