मार की लगा!

सांगलीत व्हॉलीबॉल बघायला येणाऱ्या माणसाच्या हातात भडंगाचा पुडा असतो आणि तोंडात सल्ला. दोन्ही तो सढळपणे सांडतो. मी लिबेरो असल्यानं सल्ल्याचा मोठा वाटा माझ्याच अंगावर पडतो. पाचजण निळ्या जर्सीत आणि मी एकटा पिवळाधमक, त्यामुळे नेम धरायलाही सोपं जातं.

ही वेगळी जर्सी पंचांच्या सोयीसाठी असते. हा गडी फक्त मागच्या रांगेतला. ह्यानं सर्व्हिस करायची नाही, ब्लॉक करायचा नाही, ब्लॉकचा नुसता प्रयत्नही करायचा नाही, हे लांबून कळावं म्हणून. त्यातलं सर्व्हिसचं आमच्या गल्लीतल्या तात्यांना फार लागतं. "सगळी पाळीपाळीनं सर्व्हिस मारत्यात. तुझी पाळी आली की तू बाहेर कसा?"

मी उंच मधल्या ब्लॉकरच्या जागी मागच्या रांगेत खेळतो. त्याच्या सर्व्हिसची पाळी आली की ती त्यानंच मारायची. गुण गेला, सर्व्हिस पलीकडे गेली, की तो बाहेर आणि मी आत. मग फिरत फिरत पुढच्या रांगेत जायची वेळ आली की पुन्हा तो आत, मी बाहेर. ही ये-जा कितीही वेळा चालते, फक्त दोन अदलाबदलींच्या मध्ये एक रॅली पूर्ण व्हावी लागते. हे सगळं मी सांगितलं, तर तात्यांनी अमेरिकेतल्या पुतण्यानं पाठवलेला व्हिडिओ काढला. "ही बघ, पोरगी लिबेरो हाय आणि सर्व्हिस मारतीय." खरंच मारत होती. तिकडं कॉलेजच्या मुलींच्या सामन्यात लिबेरोला एका ठरावीक पाळीत सर्व्हिसची मुभा आहे. आमच्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय नियम लागतात, त्यांत ती नाही. तात्यांच्या मते मी अमेरिकेला जायला पाहिजे.

स्मॅशचं दुखणं त्याहून जुनं. पुरुषांचं नेट 2.43 मीटरवर असतं. हात लागताना चेंडू पूर्णपणे नेटच्या वर असेल, तर तो मी पलीकडे घालवायचा नाही. कोर्टाच्या कुठल्याही कोपऱ्यातून नाही, हळूच टेकवूनसुद्धा नाही. त्यामुळे सोपा, लोंबता चेंडू डोक्यावर येतो, अख्खं मैदान "मार की लगा!" म्हणून ओरडतं, आणि मी तो छातीच्या खाली येईपर्यंत थांबून दोन्ही हातांनी गुमान पलीकडे ढकलतो. हे नियमात बसतं. गल्लीत बसत नाही.

परवा तर कहर झाला. 22-22, सर्व्हिस समोरच्यांची. त्यांचा स्मॅश आमच्या सेटरनंच उचलला, म्हणजे दुसरा चेंडू उभा करून द्यायची जबाबदारी माझ्यावर. चेंडू आला नेटजवळ, तीन मीटरच्या रेषेच्या आत. मी खाली वाकून मनगटांवर घेतला आणि वर उडवला. तो वेडावाकडा गेला, आमच्या स्मॅशरनं कसाबसा मारला, बाहेर. 22-23. "बोटं मोडल्यात काय रे?" तात्या गरजले.

बोटं शाबूत होती. पण रेषेच्या आत, म्हणजे पुढच्या भागात, लिबेरोनं बोटांनी वरून पास दिला तर तो चेंडू नेटच्या वर असताना सहकाऱ्यालाही मारता येत नाही. मारला की दोष आणि गुण समोरच्यांना. मनगटांवरून दिलेल्या पासला हे बंधन नाही. आणि रेषा स्वतः पुढच्याच भागात धरतात, बुटाचं टोक टेकलं तरी संपलं.

पुढच्याच रॅलीला तसाच प्रसंग, फक्त चेंडू जरा मागं. मी रेषेच्या मागून उडी घेतली, हवेतच बोटांनी चेंडू दिला आणि उतरलो रेषेच्या पुढं. स्मॅशरनं खणखणीत हाणला. 23-23. समोरचे पंचांकडे धावले. पंचांनी मी जिथून उडालो त्या जागेकडे बोट दाखवलं. पाय जमिनीला शेवटचा जिथं लागला, खेळाडू तिथलाच.

सर्व्हिस आमच्याकडे आली, संघ फिरला, माझी जागा पुढच्या रांगेत गेली आणि मी बाहेर आलो.

"मघाशी बोटं चालत नव्हती, आता चालली," तात्या म्हणाले. "आणि चांगला खेळलास तर तुला बाहेर काढलं. ह्या संघात राजकारण हाय."

विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, "तात्या, आता नवीन नियमात लिबेरोला कप्तान होता येतं."

तात्यांनी भडंगाची मूठ हवेतच थांबवली. "म्हंजे नाणेफेकीला तू जाणार?"

"हो."

"जिंकलास तर सर्व्हिस घेणार?"

"घेईन की."

"आणि मारणार कोण?"

"दुसरा."

तात्यांनी पुडा माझ्यापुढं केला. "खा लगा," म्हणाले, "ह्याला तरी परवानगी हाय न्हवं?"