धंदा करायचाय? आधी खोके ठेवायला जागा बघ

काल भाचा येऊन मला सहावं मोबाईल कव्हर विकून गेला. सहातलं एकही माझ्या फोनला बसत नाही. पण मामा म्हटल्यावर घ्यावंच लागतं, आणि यालाच तो ‘कस्टमर बेस’ म्हणतो. तर तूही आईबाबांकडून थोडे पैसे घेऊन धंदा करणार असशील आणि ते बुडतील या भीतीने झोप लागत नसेल, तर घे उपाय. एकदा बुडाले की भीती आपोआप जाते.

आधी लोगो कर. गिऱ्हाईक काय, येईल कधीतरी.

पैसे सगळे एकदम माग. थोडे थोडे मागितलेस तर कुणीतरी विचारेल, मागच्याचं काय झालं?

आणि माल घाऊक घे, हे मुख्य. भाच्याला होलसेलवाला म्हणाला, ४० ऐवजी ४०० कव्हरं घे, नगामागे पाचवा हिस्सा रेट कमी करतो. झालं, साहेबांनी सगळे पैसे ओतले, वर म्हणे ‘वाचवले’! अरे ४० च घेतली असतीस तर महाग रेटनेसुद्धा पैशाचा आठवा हिस्सा गेला असता, बाकीचे बाबांच्या खात्यात राहिले असते, आणि लोक कुठल्या मॉडेलचं कव्हर मागतात ते पण कळलं असतं. चार महिन्यांत गेली ९०, त्यातली तीसेक नातेवाइकांच्या गळ्यात. आता नवीन मॉडेल आलं, कॅमेऱ्याची जागा बदलली, जुनं कव्हर कोण घेतो? फुकट दिलं तरी बसत नाही, मला विचार.

त्यात हिशोब बघ. दुप्पट भावाने विकतो, म्हणून प्रत्येक विक्रीतला अर्धा पैसा नफा समजून पठ्ठ्याने खर्च केला, नवीन लोगोवर. ९० कव्हरं दुप्पट भावाने म्हणजे १८० कव्हरांचे पैसे आले, घातलेत ४०० चे. नफा कुठंय रे? २०० विकून होईपर्यंत तू फक्त बाबांचे पैसे परत गोळा करतोयस, आणि तेही तू उडवलेस!

मित्रांना उधारीवर दे. मैत्री आणि पैसे एकाच वेळी जातात, वेळ वाचतो.

बास, मला नाही जमत आता हसत हसत लिहायला. पैसे बुडायची भीती वाटते ना? मग माल भरतोस कशाला? आधी पाच अनोळखी लोकांकडून ॲडव्हान्स घेऊन दाखव, मग तेवढाच माल आण. कुणी ॲडव्हान्स देत नसेल तर उत्तर मिळालं, तेही फुकटात. नाहीतर शिकवण्या घे, दुरुस्तीची कामं घे, जिथे हत्यारं लागतात पण माल पडून राहत नाही. धंदा नाही चालला तर हत्यार निदान कमी भावात विकता तरी येतं. कव्हर नाही विकता येत.

आणि उरलेले खोके माझ्या माळ्यावर ठेवायला आणू नकोस. आधीच दोन आहेत.