आपोआप जातो म्हणे हप्ता!

"विम्याच्या हप्त्याचं काय बघायचं? तो बँकेतून आपोआप जातो." दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य आता बंद करा हो! आपोआप काही जात नाही. तुम्ही दिलेल्या मँडेटवर, म्हणजे खात्यातून हप्ता कापायच्या लेखी परवानगीवर, ठरल्या तारखेला विमा कंपनी बँकेकडे पैसे मागते. खात्यात असले तर बँक देते, नसले तर मागणी परत पाठवते. हप्ता चोवीस हजारांचा आणि खात्यात साडेतेवीस असले, तरी बँक असतील तेवढे देत नाही, एक रुपयाही देत नाही. आणि हे तुम्हाला कळणार कसं? एसएमएस गेला मुलाच्या बंद पडलेल्या नंबरवर, पत्र पडलं कुलूप लावलेल्या घराच्या पडवीत. परतीचा दंड कापायला मात्र बँक विसरत नाही! पासबुकात NACH किंवा ACH च्या पुढे RTN दिसलं, तर दंड गेलाय आणि हप्ता राहिलाय.

त्यात आपल्याकडे तारखा काय सुंदर निवडतात! आंब्याचे पैसे मेअखेरपर्यंत उधारी फेडण्यात जिरतात, जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर, आणि हप्त्याची तारीख नेमकी १० जून. एजंटाला हे पॉलिसी विकताना सुचू नये?

समजा पाच लाखांची, वीस वर्षांची पॉलिसी आहे, पाच वार्षिक हप्ते भरलेत आणि सहावा १० जूनला परत गेला. वार्षिक हप्त्याला सवलतीचे ३० दिवस मिळतात, म्हणजे १० जुलैपर्यंत. मासिक हप्ता असेल तर फक्त १५. या मुदतीत माणूस गेला तर राहिलेला हप्ता वजा करून दावा मिळतो, म्हणून घाबरून पॉलिसी बुडाली असं समजू नका. पण ११ जुलैपासून खेळ संपला. टर्म पॉलिसी असेल तर हातात शून्य. बचतीची असेल तर ती पेड-अप होते, म्हणजे वीसपैकी पाच हप्ते भरले म्हणून पाच लाखांचं विमाछत्र सव्वा लाखावर येतं.

चेकवाल्यांची तर आणखी मजा. १० जुलैला खिडकीवर चेक दिला, पावती खिशात, माणूस निर्धास्त. पावतीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चेक वटला तरच ती खरी. म्हाताऱ्या वडिलांची सही जुळली नाही, चेक चार दिवसांनी परत आला, आणि तोवर मुदत उलटलेली! शेवटच्या आठवड्यात चेक देऊच नका. ऑनलाइन भरा किंवा डिमांड ड्राफ्ट द्या.

मुदतीतच कळलं तर काम पाच मिनिटांचं आहे. मँडेटची वाट न बघता हप्ता स्वतः भरा. कंपनी पुन्हा मागणी पाठवेलच असं नाही. मग मँडेटमधली कमाल रक्कम, शेवटची तारीख आणि खाते क्रमांक तपासा. खातं बदललं किंवा बंद केलं असेल तर नवं मँडेट द्या, आणि ते नोंदलं जाईपर्यंतचे हप्ते हातानेच भरा.

मुदत उलटली, तर लोक जी चूक करतात तिच्यावर डोकं आपटावंसं वाटतं. सप्टेंबरमध्ये चोवीस हजार भरले, पैसे स्वीकारल्याचा मेसेज आला, "झालं, पॉलिसी चालू!" कुठली चालू? ते पैसे कंपनीकडे नुसते जमा पडलेत. पॉलिसी जिवंत होते ती कंपनीने पुनरुज्जीवन मंजूर करून तसं कळवल्यावरच. त्याआधी काही झालं तर पैसे परत येतील, पाच लाख येणार नाहीत. पुनरुज्जीवनासाठी थकलेला हप्ता आणि त्यावरचं व्याज भरा (साडेनऊ टक्के धरले तर तीन-साडेतीन महिन्यांचं साधारण साडेसहाशे), तब्येतीचं घोषणापत्र द्या, आणि कंपनीने सांगितलं तर वैद्यकीय तपासणी करून घ्या. साध्या पॉलिसीला यासाठी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षं असतात, शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिपला तीन.

घोषणापत्रावर एजंट म्हणेल, "काका, सही करा, बाकी मी भरतो." अजिबात नको! दरम्यान साखर निघाली असेल तर तिथे लिहाच. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनी पॉलिसीवर हरकत घेऊ शकते ती तीन वर्षं पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने मोजतात. म्हणजे पाच वर्षं जुन्या पॉलिसीलाही कंपनी लपवलेल्या आजारावरून पुन्हा हात घालू शकते. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही.

मंजुरीचं पत्र हातात घ्या, कंपनीच्या ॲपवर पॉलिसीची स्थिती In Force दिसते का बघा, आणि पुढच्या हप्त्याची तारीख पुढच्या वर्षीचा १० जून दाखवतेय ना तेही तपासा. याच वर्षीचा १० जून दिसला तर पैसे अजून नुसते जमाच आहेत, दुसऱ्याच दिवशी शाखेत जा.