शॉक म्हणजे नेमकं काय होतं?

"शॉक देणार म्हणजे आईला बांधून ठेवणार का?" एका पेशंटच्या मुलीनं मला विचारलं, तेव्हा तिचा आवाज फुटत नव्हता. मी ईसीटीच्या, म्हणजे विजेचा शॉक देऊन मानसिक आजारावर उपचार करण्याच्या, खोलीत नर्स आहे. हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आज लिहायलाच बसले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

आई साठीची. तीव्र नैराश्य. "माझी आतडी सडलीत, खाऊन काय करू?" म्हणत तिनं आधी जेवण सोडलं, मग पाणीही. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात आणि तेवढे दिवस तिच्या हातात नव्हते. ईसीटी देतात ती अशा वेळी. अन्नपाणी तुटलेलं असतं, आत्महत्येचा धोका डोक्यावर असतो, किंवा माणूस न बोलता, न हलता खिळून गेलेला असतो, ज्याला कॅटाटोनिया म्हणतात. साध्या उदासीनतेवरचा हा उपाय नाही, आणि शिक्षा तर नाहीच नाही.

सकाळी उपाशीपोटी तिला आणलं. शिरेतून भुलीचं औषध गेलं, तिचे डोळे मिटले. स्नायू सैल करणारं इंजेक्शन देण्याआधी मी तिच्या एका घोट्यावर बीपीचा पट्टा घट्ट फुगवला, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. तोंडात रबरी गार्ड, मास्कनं ऑक्सिजन. मग डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून काही सेकंद करंट. बाकी अंग जवळजवळ निपचित, आणि तेवढं एक पाऊल लयीत थरथरत राहिलं. मेंदूतली फिट किती वेळ चालली हे त्या पावलावरून आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या ईईजीवरून कळतं. तिची 38 सेकंद चालली. गुण येतो तो या फिटमुळे. करंट फक्त ती सुरू करून देतो. फिट आलीच नाही, तर डॉक्टर करंटची मात्रा वाढवतात.

लोकांच्या मनातली भीती हवेतून आलेली नाही. 1938 साली रोममध्ये हा उपचार सुरू झाला तेव्हा भूल देत नसत. झटक्यांनी हाडं मोडायची. बांधणं, ओरडणं ही चित्रं तिथली आहेत.

स्मरणशक्तीचं मात्र खरं सांगायलाच हवं. जाग आल्यावर थोडा वेळ माणूस गोंधळतो, डोकं दुखतं. उपचाराच्या आसपासच्या आठवणी पुसट होतात, आणि काहींच्या जुन्या आठवणीही कायमच्या जातात. फक्त उजव्या बाजूनं करंट दिला तर हा त्रास कमी होतो. "काही होत नाही हो" म्हणून नातेवाइकांची बोळवण करणारे डॉक्टर मला अजिबात पटत नाहीत.

आठवड्यातून तीनदा, असे एकूण आठ झाले. चौथ्यानंतर तिनं स्वतःहून पाणी मागितलं. घरी जाताना औषधं सुरूच ठेवली, कारण ईसीटीनंतर काहीच घेतलं नाही तर आजार बहुतेकदा काही महिन्यांत उलटतो. वॉर्डातले पहिले दिवस तिला आठवत नाहीत. ते मुलीनं तिला सांगितले.