‘समाज’ हा शब्द दिसला म्हणून विधान समाजशास्त्रीय ठरत नाही

“विधिशास्त्राच्या जोड्या लावताना फक्त खुणेचा शब्द शोधा. नीती म्हणजे नैसर्गिक विधी, रूढी म्हणजे ऐतिहासिक, समाज म्हणजे समाजशास्त्रीय, न्यायाधीश म्हणजे वास्तववादी. विधान समजून घेण्याची गरज नाही.”

परीक्षेत विधाने आणि विधिशास्त्राचे संप्रदाय यांच्या जोड्या लावण्यासाठी दिलेला हा सल्ला फसवा आहे. मोठी फसगत ‘समाज’ या खुणेपाशी होते. ‘कायदा समाजाच्या सामूहिक जाणिवेतून भाषेप्रमाणे हळूहळू वाढतो’ हे विधान ऐतिहासिक संप्रदायाचे, म्हणजे जर्मन विधिज्ञ साविन्यी यांचे आहे. 1814 मध्ये जर्मन विधिज्ञ थिबो यांनी सर्व जर्मन राज्यांसाठी एकच नागरी संहिता करावी असे सुचवले, तेव्हा साविन्यी यांनी त्याला विरोध केला; कायदा लोकचेतनेतून उमलतो, तो मुळात विधिमंडळाच्या इच्छेने घडत नाही, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. याउलट ‘कायद्याच्या विकासाचा गुरुत्वमध्य समाजातच असतो’ हे विधान ऑस्ट्रियन विधिज्ञ एर्लिख यांचे असून ते समाजशास्त्रीय आहे. समाज दोन्हीकडे आहे, पण साविन्यी कायद्याचा उगम सांगतात, तर एर्लिख लोक आज कुटुंबात, करारात आणि संघटनांत प्रत्यक्ष कोणते नियम पाळतात ते पाहतात व त्यालाच ‘जिवंत कायदा’ म्हणतात. त्यामुळे ‘रूढी’ हा शब्दही निर्णायक ठरत नाही, कारण चालू वहिवाटींचा अभ्यास एर्लिख यांनीही केला.

‘न्यायाधीश’ या शब्दाचेही तसेच आहे. कारखान्याच्या धुराविरुद्ध शेजारचे रहिवासी दावा लावतात असे समजा. ‘न्यायाधीशाने उद्योगाचे आणि आरोग्याचे हितसंबंध तोलून, कमीत कमी संघर्षात जास्तीत जास्त गरजा भागतील असा निर्णय द्यावा’ असे म्हणणारा अमेरिकी विधिज्ञ पाउंड यांच्या सामाजिक अभियांत्रिकीच्या, म्हणजे समाजशास्त्रीय संप्रदायाच्या भाषेत बोलतो आहे. ‘न्यायालय प्रत्यक्षात काय करील याचे भाकीत म्हणजेच कायदा’ असे म्हणणारा मात्र अमेरिकी न्यायमूर्ती होम्स यांच्या 1897 मधील मांडणीच्या मार्गाने जातो, आणि हाच वास्तववादाचा पाया आहे. कायद्याने काय साधावे हा पहिल्याचा प्रश्न आहे, तर प्रत्यक्षात काय घडेल हा दुसऱ्याचा. क्रियापदाकडे नीट पाहिले तर हा फरक बहुधा तिथेच सापडतो. अमेरिकी वास्तववादी जेरोम फ्रँक तर याच्याही पुढे जाऊन, नियम स्पष्ट असला तरी खालच्या न्यायालयात तथ्ये कोणती मानली जातील हेच अनिश्चित असते, असे म्हणतात. त्या विधानात ‘न्यायाधीश’ हा शब्द नसला तरी ते वास्तववादीच राहते.

‘नीती’विषयी थोडक्यात इतकेच की, अमेरिकी विधितत्त्वज्ञ फुलर यांच्या 1964 मधील मांडणीत नियम जाहीर, सुबोध, पाळता येण्याजोगे आणि सहसा पूर्वलक्षी नसलेले असावेत अशा आठ अटी आहेत. पर्यायात केवळ या अटी दिल्या आणि नीतीचा उल्लेखच नसला, तरी त्या कायद्याच्या अंतर्गत नैतिकतेच्या अटी असल्यामुळे उत्तर नैसर्गिक विधी हेच येते.