‘सगळे दिवे लावा’ या सल्ल्यानेच घरातला व्हिडिओ बिघडतो

फिरत असलेला मेसेज: “घरात फोनवर चांगला व्हिडिओ निघतच नाही. रिंग लाइट आणि गिंबल घ्याच. ते येईपर्यंत खोलीतले सगळे दिवे लावा, खिडकीकडे पाठ करून बसा आणि सेटिंग 4K 60 वर ठेवा. बाकी स्टॅबिलायझेशन सांभाळून घेतं.”

माझी मावसबहीण गणिताचे धडे रेकॉर्ड करायला बसणार होती. हा मेसेज तिच्यापर्यंत पोचला आणि काम सोडून ती खरेदीच्या याद्या करू लागली. म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात जास्त नुकसान दिव्यांच्या सल्ल्याने होतं. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड निळसर असतो, घरातले बरेचसे बल्ब पिवळे असतात. आपले डोळे हा फरक जुळवून घेतात. फोन मात्र पूर्ण चित्रासाठी एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं याचं एकच माप, धरतो. मग एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो, आणि बोलता बोलता मान वळली की रंगही बदलतो. छतावरच्या दिव्याने डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, ते वेगळंच. शिवाय काही एलईडी दिवे विजेच्या लयीत लुकलुकतात. 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा. व्हिडिओत वरखाली सरकणारे गडद पट्टे दिसले, तर कारण बहुतेक हेच असतं.

म्हणून दिवसा शूट करायचं असेल तर दिवे बंद करा. बहिणीला मी असं बसवलं. खिडकीपासून साधारण एक मीटरवर खुर्ची, आणि तोंड खिडकी व फोन यांच्या मधल्या दिशेला, म्हणजे उजेड समोरून पण थोडा बाजूने येतो. ऊन थेट चेहऱ्यावर येत होतं, म्हणून पांढरा पातळ पडदा ओढला. दुसऱ्या गालावर सावली गडद वाटली, म्हणून त्या बाजूच्या खुर्चीवर पांढरी चादर टाकली. तिच्यावरून परतणाऱ्या उजेडाने सावली निवळली. खुर्ची कुठे ठेवायची ते कळत नसेल, तर तळहात चेहऱ्यासमोर धरून खोलीत हळूहळू फिरा. बोटांच्या सावल्या जिथे मऊ होतात, ती जागा चांगली. खिडकीपासून लांब गेलात की उजेड झपाट्याने घटतो, त्यामुळे खोलीच्या मध्यावर बसण्यात काही अर्थ नाही.

खिडकीकडे पाठ केली तर फोन मागचा उजेड मोजतो आणि चेहरा काळा पडतो. यावर आणखी काय बोलायचं!

आता 4K 60. सेकंदाला 60 फ्रेम म्हटलं की एका फ्रेमला जास्तीत जास्त 1/60 सेकंद उजेड मिळतो. 30 ला 1/30, म्हणजे दुप्पट. कमी उजेडात 60 चा हट्ट धरला की फोन कृत्रिमरीत्या संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रात दाणे उठतात. हे माझं मत नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या आयफोन मार्गदर्शिकेत Auto FPS नावाची सोय आहे, जी उजेड कमी असताना दर्जा सुधारण्यासाठी फ्रेम रेट आपोआप 24 पर्यंत खाली आणते. फोन बनवणारेच अंधारात आकडा कमी करतात, आणि मेसेज तो वाढवायला सांगतो. बसून बोलायचं असेल तर 30 पुरे.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राची थरथर कमी करणारी फोनमधली सोय, याबद्दल अर्धं खरं आहे. चालताना ते मदत करतं. पण त्यातला सॉफ्टवेअरचा भाग फ्रेमच्या कडा कापून चित्र जागेवर आणतो. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडा राहिल्यामुळे त्याच फ्रेममध्ये जो अस्पष्टपणा उमटलेला असतो, तो त्याला पुसता येत नाही. हात न हलवताही घरातला व्हिडिओ थरथरल्यासारखा, ओढल्यासारखा दिसतो तो यामुळेच. थरथर आणि अंधार हे बऱ्याचदा एकच दुखणं आहे.

तेव्हा फोन हातात धरूच नका. पुस्तकांची चळत लावून लेन्स डोळ्यांच्या उंचीला आणा, फोन मागे टेकवा आणि घसरू नये म्हणून खाली घडी घातलेलं कापड ठेवा. मात्र ज्या टेबलावर तुमची कोपरं आहेत, त्यावर फोन नको. पान उलटताना बसणारा प्रत्येक धक्का चित्रात उमटतो. बहिणीच्या पहिल्या क्लिपमध्ये हेच झालं, मग फोन वेगळ्या स्टुलावर गेला. मागचा कॅमेरा वापरा, लेन्स मऊ कापडाने पुसा. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, AE/AF LOCK दिसेल (इतर फोनांवर कुलपाचं चिन्ह येतं), मग उजेड मधेच वरखाली होणार नाही. ढग येत-जात असतील तर मात्र कुलूप लावल्यावर चित्र एकदम काळवंडतं. अशा दिवशी छोट्या तुकड्यांत शूट करून प्रत्येक वेळी कुलूप नव्याने लावा.

रात्री खिडकी नसते, आणि चालत चालत लांब शॉट घ्यायचा असेल तर फोन स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या दांड्याला पर्याय नाही, हे मान्य. पण रात्रीही आधी टेबललॅम्प पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि भिंतीसमोर जवळ बसा. परतून आलेला उजेड मऊ असतो. त्या वेळी बाकीचे दिवे बंद, कारण रंगांची सरमिसळ रात्रीही होते.