पंचेचाळीसपर्यंत सवड आहे

आपण नुकतेच बी.ए. किंवा बी.एस्सी. झाला आहात आणि पुढे काय, असे घरी रोज विचारले जाते. तरी अजिबात घाबरू नये. गोव्यात अशा पदवीधरासाठी एल.डी.सी.ची, म्हणजे कनिष्ठ लिपिकाची, जागा जणू राखूनच ठेवलेली आहे अशी साऱ्या वाड्याची समजूत आहे, आणि सारा वाडा कसा चुकेल?

या पदासाठी शिक्षण बारावीपर्यंतचे लागते. त्यापुढची वर्षे आपण निखळ ज्ञानासाठी वेचली, याचा यथायोग्य अभिमान बाळगावा. जाहिरातीत त्याच्याच खाली संगणकाचे ज्ञान आणि मिनिटाला 30 इंग्रजी शब्दांचा टंकनवेग अशा दोन किरकोळ अटी असतात, त्या वाचण्यात वेळ घालवू नये. पाच ठोक्यांचा एक शब्द धरला, तर दहा मिनिटांत 1500 ठोके होतात. पण मोबाइलवर दोन अंगठ्यांनी रात्री दोनपर्यंत लिहिणाऱ्याला असल्या हिशेबाचे काय भय? घड्याळ लावून संगणकावर एखादा उतारा टंकून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण दोन बोटांनी आपण कुठवर पोचतो हे पहिल्याच दिवशी कळते आणि मनःस्वास्थ्य बिघडते.

पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदाराकडून आधीच काढून ठेवणे हा उतावीळपणा होय. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी जावे. रांगेत आपल्यासारखेच दूरदृष्टीचे पुष्कळ लोक भेटतात. कोकणीचे ज्ञान आवश्यक असते आणि मराठीचे इष्ट. (आपण मराठी वाचणारे असल्याने इष्ट गोष्ट आपल्याकडे आहेच, आवश्यक गोष्टीची चिंता इतरांनी करावी.)

कर्मचारी निवड आयोग संगणकावर परीक्षा घेतो आणि गुणांनुसार यादी लावतो, असे काही जण सांगतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून सकाळी सातला आमदारांच्या अंगणात बसावे. तेथे परीक्षेचा अभ्यास होत नसला, तरी चहा वेळेवर मिळतो.

कोणी कनिष्ठ स्टेनोग्राफर होण्याचे सुचवील, तर नम्रपणे नकार द्यावा. त्या पदाचे मूळ वेतन 25,500 रुपयांपासून सुरू होते आणि लिपिकाचे 19,900 पासून, हे खरे आहे. परंतु तेथे लघुलेखन लागते. लघुलेखन महिनोन्‌महिने गिरवल्याखेरीज येत नाही, त्यामुळे त्या वाटेवर गर्दी कमी असते, आणि जेथे गर्दी नाही तेथे सुशिक्षिताने जाऊ नये.

वयोमर्यादा साधारणतः 45 वर्षांची असते. एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्याला यातून चोवीस वर्षांची निश्चिंती मिळते, तेव्हा टंकनाच्या वर्गाची चौकशी करायला लगेच जाण्याचे कारण नाही. शिवाय तेथे बारावी होताच आलेली मुले पदवीची वाट न पाहता दहाही बोटे चालवत असतात, आणि त्यांच्या शेजारी बसून पहिला धडा गिरवणे पदवीधराला शोभत नाही.